परप्लेक्सिटी ४ आणि २०: एकाच मराठी मजकुरावर कुठलं मॉडेल चांगलं समजायचं?

महालची_स्नेहल
नमस्कार. नागपूरच्या महालात आमचं डीटीपीचं दुकान आहे. गेल्या वर्षभरापासून जुने मराठी कागद स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचं काम जास्त येतंय. संस्थांची इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या, कुणाच्या आजोबांची रोजनिशी. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, म्हणजे ओसीआर, ओळ वाचतं, पण जिथे शाई फुटलेली असते तिथे एकाच शब्दाचे दोन पाठ देतं. त्यातला खरा कुठला हे आजवर आम्ही डोळ्यांनीच ठरवत आलो. आता भावाचं म्हणणं, हे काम लँग्वेज मॉडेलकडून करून घेऊ. परप्लेक्सिटी म्हणजे मजकूर वाचताना मॉडेल किती गोंधळलं त्याचं माप. ज्या पाठाची परप्लेक्सिटी कमी, तो पाठ बरोबर.

मी बीसीए आहे. सूत्र पाहिलं आणि आधी हातानेच एक उदाहरण सोडवलं. वाक्य घेतलं "संत्र्याचा भाव आज वाढला". मॉडेल मजकुराचे जे तुकडे करतं त्यांना टोकन म्हणतात; इथे एकेक शब्द म्हणजे एकेक टोकन मानलं. मॉडेलने आधीचे शब्द पाहून प्रत्येक शब्दाला दिलेली शक्यता अशी धरली: संत्र्याचा ०.१२५, भाव ०.५, आज ०.२५, वाढला ०.२५. प्रत्येकाचा नॅचरल लॉग घेऊन चिन्ह उलटं केलं तर २.०७९, ०.६९३, १.३८६, १.३८६. बेरीज ५.५४५, सरासरी १.३८६, आणि e चा १.३८६ वा घात म्हणजे ४. इथपर्यंत छान जमलं.

मग हीच गोष्ट प्रोग्रॅममध्ये घातली तर उत्तर आलं २.६१. आकडे तेच, तरी उत्तर वेगळं.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. आमच्याकडे हाताने तपासलेला ५०० शब्दांचा मजकूर आहे. तो दोन मॉडेलना दिला. पहिल्याची परप्लेक्सिटी ४ आली, दुसऱ्याची २०. सरळ पाहिलं तर पहिलं पाचपट चांगलं. पण दोघांकडून दहा-दहा ओळींचे पाठ निवडून घेतले तर पहिलं जास्त चुकतंय. कुठे गडबड होतेय?

गणिताचा_मास्तर
स्नेहलताई, परप्लेक्सिटी ४ म्हणजे मॉडेल चारांतून एकदा बरोबर येतं, २० म्हणजे विसांतून एकदा. म्हणून कमी ती चांगली. इतकं सरळ आहे ते.

पण तुमचं हाताने काढलेलं ४ मला चुकीचं वाटतं. शक्यतांची सरासरी काढा: ०.१२५, ०.५, ०.२५, ०.२५ यांची बेरीज १.१२५, भागिले ४ म्हणजे ०.२८. तिचा व्यस्त घेतला की ३.५६. लॉगच्या भानगडीत पडायची गरजच काय? शाळेत मुलांना सरासरी शिकवतो त्यावरून सांगतोय.

फुटाळा_काठ
आधी २.६१ चं सांगतो, ते सोपं आहे. ताई, तुमच्या प्रोग्रॅममध्ये शेवटच्या ओळीत `2 ** loss` असणार. लॉस, म्हणजे तुमची ती १.३८६ ची सरासरी, नॅचरल लॉगने काढला, म्हणजे पाया e. वर नेताना मात्र पाया २ घेतला. २ चा १.३८६ वा घात बरोबर २.६१ येतो. खाली ज्या पायाने लॉग घेतला, वर त्याच पायाने घात घ्यायचा. दोन्हीकडे २ घ्या किंवा दोन्हीकडे e घ्या, उत्तर ४ च येईल.

```python
import math
p = [0.125, 0.5, 0.25, 0.25]
nll = [-math.log(x) for x in p]
print(math.exp(sum(nll) / len(nll)))
```

ही चूक ओळखायची खूण सांगतो. सगळ्या टोकनला ०.२५ शक्यता देऊन प्रोग्रॅम चालवा. उत्तर ४ यायलाच हवं, टोकन दहा असोत की दहा हजार. नाही आलं तर पाया चुकलाय.

आता मास्तर, तुमच्या ३.५६ कडे येतो. लॉगची भानगड उगाच नाही. चार शब्द ओळीने येण्याची शक्यता ही त्या चार शक्यतांचा गुणाकार असते, बेरीज नाही. ०.१२५ गुणिले ०.५ गुणिले ०.२५ गुणिले ०.२५ म्हणजे २५६ त एक. मग विचारायचं की दर पायरीला सारखेच पर्याय असते तर किती पर्याय असल्यावर चार पायऱ्यांत २५६ रस्ते झाले असते? ४ × ४ × ४ × ४ = २५६. म्हणून ४. लॉग घेतल्याने गुणाकाराची बेरीज होते, सरासरी सोपी जाते, आणि हजारो टोकनचा गुणाकार करताना आकडा इतका बारीक होतो की कॉम्प्युटर त्याला शून्य समजतो, तेही टळतं.

तुमच्या आणि या पद्धतीत इथे फरक थोडा दिसतो म्हणून तो जाणवत नाही. आता चार शक्यता अशा घ्या: ०.५, ०.५, ०.५ आणि शेवटची ०.००१. तुमच्या रीतीने सरासरी ०.३७५, उत्तर २.६७. लॉगच्या रीतीने ९.४६. तीन शब्द मॉडेलला येत होते आणि एकावर ते पार फसलं. तुमच्या सरासरीत ते फसणं विरघळून गेलं. ताईंच्या कामात तर तेवढंच पकडायचं आहे.

गणिताचा_मास्तर
गुणाकाराचं पटलं. म्हणजे हा भूमितीय मध्याचा व्यस्त झाला, माझा अंकगणितीय मध्य होता. मान्य.

पण चारांतून एकदा बरोबर, हे तरी खरं ना?

फुटाळा_काठ
तेही नाही मास्तर. समजा एक मॉडेल दर वेळी खऱ्या शब्दाला ०.५ देतं आणि उरलेल्या सगळ्या शब्दांत मिळून ०.५ वाटून टाकतं. पहिली पसंती काय म्हणून विचारलं तर ते दर वेळी बरोबर, शंभरात शंभर. तरी परप्लेक्सिटी २. दुसरं मॉडेल दर वेळी ०.९ देतं, तेही शंभरात शंभर, परप्लेक्सिटी १.११. परप्लेक्सिटीला नंबर लागला की नाही याच्याशी देणंघेणं नाही. खऱ्या शब्दावर किती पैज लावली होती, तेवढंच ती बघते.

चार सारख्या पर्यायांमध्ये अडकल्याइतका गोंधळ, असं म्हणा. ते जवळचं आहे.

त्रिमूर्तीनगरची_आई
मधेच विचारते, माफ करा. माझ्या मुलीने मराठीत एक प्रकल्प लिहिला. मी समोर बसून पाहिलंय, तिने स्वतः लिहिला. कॉलेजात तो कुठल्याशा तपासणीत घातला आणि "परप्लेक्सिटी कमी आहे, म्हणजे मशीनने लिहिलेला" असं सांगून परत केला. ती दोन दिवस जेवली नाही. इथे तुम्ही म्हणताय कमी ती चांगली. मग कमी असणं गुन्हा कसा झाला? तिने जास्त आणायला काय करायला हवं होतं?

जुना_ट्रायग्राम
ताई, तिने काही करायला नको होतं. "कमी ती चांगली" हे मॉडेलबद्दलचं वाक्य आहे, लेखाबद्दलचं नाही. एकच मजकूर ठेवून दोन मॉडेल तोलतात तेव्हा ते लागू पडतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मॉडेल एक आणि त्याच्यासमोर मजकूर ठेवला. तिथे आकडा एवढंच सांगतो की त्या मॉडेलला हा मजकूर ओळखीचा वाटला. "प्रस्तुत प्रकल्पाचा उद्देश पुढीलप्रमाणे आहे" असं वाक्य कुणीही लिहिलं तरी आकडा कमीच येणार, कारण दहावीपासून सगळ्यांना तसंच लिहायला शिकवतात. नीट, शिस्तीत लिहिणाऱ्या मुलांवरच ही तपासणी उलटते. कॉलेजला दोन गोष्टी विचारा: आकडा कुठल्या मॉडेलने काढला, आणि त्याच विषयावरचे जुने, हाताने लिहिलेले प्रकल्प त्यात घातले तर काय येतं. आणि मुलीजवळ कच्च्या नोंदी असतील तर त्या दाखवा. तो पुरावा या आकड्यापेक्षा वजनदार आहे.

आकडा आला कुठून तेही सांगतो, कारण इथल्या धाग्याशी संबंध आहे. १९७७ मध्ये आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोललेलं ओळखण्याचं काम किती अवघड आहे हे मोजायला परप्लेक्सिटी मांडली. यंत्राला फक्त शून्य ते नऊ आकडे ओळखायचे आहेत आणि कुठलाही आकडा सारखाच संभवतो, तर परप्लेक्सिटी १०. बोलणाऱ्यापुढे दर क्षणी किती वाटा उघड्या आहेत, त्याचं ते माप. कोण बोलतंय हे ओळखण्यासाठी ते केलेलंच नव्हतं.

मी नोकरीत असताना शब्दांच्या तिकड्यांवर चालणारी मॉडेल करायचो. तेव्हा एक वाईट सवय सगळीकडे होती. जो शब्द यादीत नाही त्याच्या जागी `<unk>` घालायचे. यादी जितकी छोटी, तितके `<unk>` जास्त, आणि `<unk>` ओळखणं सोपं. परप्लेक्सिटी झरझर खाली यायची आणि लोक खूश व्हायचे. मॉडेलला मात्र पूर्वीपेक्षा कमी कळत असायचं. स्नेहल, तुझ्या ४ मध्ये याच जातीचं काहीतरी असेल असा माझा संशय आहे.

त्रिमूर्तीनगरची_आई
कच्च्या वह्या आहेत, तिने पेन्सिलने लिहिलंय आधी. उद्या घेऊन जाते.

फुटाळा_काठ
काकांचा संशय बरोबर आहे. स्नेहलताई, मला एकच गोष्ट सांगा. त्या ५०० शब्दांचे पहिल्या मॉडेलने किती टोकन केले आणि दुसऱ्याने किती?

महालची_स्नेहल
आत्ता मोजले. पहिल्याने ३०००, दुसऱ्याने १२००. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. मजकूर अक्षरशः तोच आहे.

फुटाळा_काठ
मग सगळं इथेच आहे. तुम्ही दोघांना वेगवेगळ्या संख्येने भागलंय. एकाच संत्र्याच्या फोडी एकाने सहा केल्या, एकाने बारा केल्या, आणि मग कुणाची फोड हलकी ते विचारलं.

भागाकार उलटा करून मूळ बेरीज परत आणा. परप्लेक्सिटीचा नॅचरल लॉग घेतला की टोकनमागची सरासरी मिळते, तिला टोकनच्या संख्येने गुणलं की पूर्ण मजकुराची बेरीज.

पहिलं मॉडेल: ४ चा लॉग १.३८६, गुणिले ३०००, म्हणजे ४१५९.
दुसरं मॉडेल: २० चा लॉग २.९९६, गुणिले १२००, म्हणजे ३५९५.

ही बेरीज जितकी कमी, तितकी पूर्ण मजकुराला मॉडेलने दिलेली शक्यता जास्त. दुसरं मॉडेल सरळ पुढे आहे. आता दोघांनाही ५०० शब्दांनी भागा. पहिल्याची शब्दामागे सरासरी ८.३२, घात घेतला की शब्दामागची परप्लेक्सिटी ४०९६. दुसऱ्याची ७.१९, म्हणजे साधारण १३२६. तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं तेच आकड्यात आलं. हजारांतले आकडे पाहून घाबरू नका. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे एकेक शब्द उचलायला पर्याय भरपूर असतात.

शब्द कुठे तोडायचा यावरही वाद होऊ शकतो, म्हणून बरेच जण फाइलच्या बाइट्सनी भागतात. बाइट्स कुठल्याही मॉडेलच्या हातात नाहीत, फाइल तीच तर बाइट्स तेच. त्या मापाला बिट्स पर बाइट म्हणतात, त्यात लॉगचा पाया २ घेतात.

आता टोकनमागची परप्लेक्सिटी ४ इतकी खाली का आली, ते जवळून बघण्यासारखं आहे. तुमचं पहिलं मॉडेल बहुतेक देवनागरी बाइट्समध्ये तोडतंय. "नागपूर" घ्या. यूटीएफ-८ मध्ये तो असा साठवला जातो:

```
न  E0 A4 A8
ा  E0 A4 BE
ग  E0 A4 97
प  E0 A4 AA
ू  E0 A5 82
र  E0 A4 B0
```

पहिला स्तंभ बघा, सगळीकडे `E0`. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात तिथूनच होते. दुसरा स्तंभ `A4` किंवा `A5`, तिसरं काही येतच नाही. शब्दाच्या मधोमध असताना `E0` ओळखायला काय लागतं? मॉडेल त्याला ०.९९ च्या वर शक्यता देईल. दुसऱ्या बाइटला फार तर दोन पर्याय. खरी परीक्षा तिसऱ्या बाइटची. १८ बाइट्समध्ये परीक्षा ६ जागी झाली, पण भागलं १८ ने. फुकट मिळालेल्या १२ जागांनी सरासरी खाली ओढली. काकांच्या `<unk>` सारखाच हा प्रकार, फक्त इथे कुणी मुद्दाम केलेला नाही.

प्रत्यक्षात मॉडेल काही बाइट्स जोडून टोकन करतं, त्यामुळे दर शब्दाला १८ तुकडे पडत नाहीत. तुमच्याकडे ३००० भागिले ५००, म्हणजे शब्दामागे ६ पडले. पण कारण हेच.

कळमन्याचा_पोर
राजेहो, माझा थोडा येगळा सवाल हाय. माझ्या बापाचा कळमन्यात संत्र्याचा धंदा. मी एका मॉडेलले दोन वाक्यं देऊन पाह्यली. "भाव काय चालला आहे" आन "भाव काय चालून राह्यला". दुसऱ्याची परप्लेक्सिटी लय जास्त आली. म्हंजे आमची बोली कठीण हाय का मॉडेल अडाणी हाय? आपल्याकडे तं दुसरंच सोपं वाटते.

जुना_ट्रायग्राम
भाऊ, मॉडेलने वाचलेल्या मजकुरात "राह्यला" फारसं नसणार. छापील मराठीत वऱ्हाडी कमी, म्हणून मॉडेलला ते अनोळखी. बोली अवघड असण्याशी याचा संबंध नाही. तुझ्या बापाला दुसरं वाक्य सोपं वाटतं, कारण त्याने आयुष्यभर तेच ऐकलंय.

फुटाळा_काठ
काका, एवढ्यावरून तसं म्हणता येईल का, मला शंका आहे. दोन वाक्यं वेगळी, टोकन वेगळे, लिहिण्याची पद्धतसुद्धा ठरलेली नाही. "राह्यला", "राहिला", "रायला" असं तिन्ही लोक लिहितात. एकाच उच्चाराला तीन लिखाणं असली की शक्यता तिघांत वाटली जाते आणि प्रत्येकाचा आकडा वाढतो, मॉडेलला बोली चांगली येत असली तरी. एकाच अर्थाच्या शंभरेक वाक्यांच्या जोड्या करून बेरजा तोलल्या तर काहीतरी कळेल. एका जोडीवरून मी बोलणार नाही.

जुना_ट्रायग्राम
लिखाणाचा मुद्दा घेतो, पण मूळ कारण मजकुराची कमतरता हेच आहे असं माझं मत कायम आहे. ज्या बोलीत छापील मजकूर भरपूर असतो, तिचं लिखाणही एका वळणाचं होत जातं. दोन्ही एकाच मुळाशी जातात.

कळमन्याचा_पोर
शंभर जोड्या मी करतो. बाजारात रोज ऐकून राह्यलो, लिहून घेतो.

महालची_स्नेहल
फुटाळा_काठ, पायाची चूक सापडली, `2 **` च होतं. शब्दामागचे दोन्ही आकडे मी परत काढले, तेच आले. म्हणून कामाला दुसरं मॉडेल घेतलं.

पण करताना एक नवीन गोष्ट अडली. आमच्या इतिवृत्तांच्या तुकड्यांमध्ये ओळी कमीजास्त असतात. आधी दर तुकड्याची परप्लेक्सिटी काढून त्यांची सरासरी घेत होते. एक तुकडा १०० टोकनचा, त्याचा लॉस १. दुसरा नुसतं शीर्षक, १० टोकन, लॉस ४. परप्लेक्सिटी २.७२ आणि ५४.६, सरासरी २८.६६. मग लॉसची सरासरी घेतली, २.५, तिचा घात १२.१८. मग तुम्ही सांगता तशी बेरीज करून ११० ने भागलं: १४० भागिले ११० म्हणजे १.२७, घात ३.५७. तीन रीती, तीन उत्तरं. शेवटचंच बरोबर ना?

दुसरं, जास्त महत्त्वाचं. एका वहीत "वाढला" वर डाग आहे. ओसीआरने दोन पाठ दिले, "वाढला" आणि "वाढत्ना". जुन्या छपाईतला ल फुटला की त्न सारखाच दिसतो, हे रोजचं आहे. मॉडेल म्हणतं "वाढत्ना" ची परप्लेक्सिटी कमी. असा शब्दच नाही! मी सगळ्या शक्यता छापून घेतल्या. पहिले तीन शब्द दोन्हीकडे सारखे, ०.१२५, ०.५, ०.२५. पुढे बरोबर पाठात "वाढला" हा एकच तुकडा, ०.२५. चुकीच्या पाठात चार तुकडे: वाढ ०.४, त् ०.१, न ०.५, ा ०.८. (आकडे थोडे गोल केलेत.) पहिल्याची परप्लेक्सिटी ४, दुसऱ्याची ३.२७. आता काय करू?

फुटाळा_काठ
तीन रीतींपैकी शेवटचीच. १० टोकनच्या शीर्षकाला १०० टोकनच्या उताऱ्याइतका हक्क देणं चूक. आधी सगळी बेरीज, मग एकदाच भागाकार, मग एकदाच घात.

"वाढत्ना" मध्ये पुन्हा तोच भागाकार आहे बघा. बरोबर पाठाची पूर्ण शक्यता २५६ त एक. चुकीच्याची गुणून बघा: ६४ त एक, गुणिले ०.४, ०.१, ०.५, ०.८. येतं ४००० त एक. म्हणजे मॉडेल स्वतःच सांगतंय की बरोबर पाठ सुमारे पंधरापट संभवतो. पण चुकीच्या पाठाचे सात तुकडे झाले, त्यातले शेवटचे दोन सोपे, म्हणून सातने भागल्यावर तो वर आला. तुटका शब्द जितका जास्त तुकड्यांत फुटेल तितका त्याला असा फायदा. पाठ निवडताना परप्लेक्सिटी वापरूच नका. नुसती बेरीज तोला, जिची कमी तो पाठ.

जुना_ट्रायग्राम
नुसती बेरीज नको, स्नेहल. तिलाही एक खोड आहे. ओसीआरने उद्या "आज" गाळून "संत्र्याचा भाव वाढला" असा तिसरा पाठ दिला, आणि तीन शक्यता ०.१२५, ०.५, ०.२५ निघाल्या, तर पूर्ण शक्यता ६४ त एक. खऱ्या चार शब्दांच्या ओळीच्या चौपट. बेरीज नेहमी आखूड पाठाकडे झुकते, कारण प्रत्येक नवा शब्द शक्यता घटवतोच. आम्ही आवाजावर काम करायचो तेव्हा नुसती बेरीज घेतली की "तर", "पण", "च" असले बारके शब्द गायब व्हायचे.

यावर उपाय असा असायचा की भाषेच्या मॉडेलला एकट्याला निर्णय द्यायचा नाही. ओसीआर स्वतः प्रत्येक पाठाला गुण देतं, चित्रात अक्षरं कितपत जुळतात त्याचे. त्या गुणाचा लॉग आणि भाषेचा लॉग यांची बेरीज करायची, भाषेच्या बाजूला एक वजन लावायचं, आणि शब्दामागे थोडे जादा गुण द्यायचे म्हणजे आखूड पाठाचा फायदा निघून जातो. वजन आणि जादा गुण किती, हे तू तपासलेल्या मजकुरावरच ठरवायचं. दुसऱ्याचे आकडे चालत नाहीत.

फुटाळा_काठ
काकांचं पटतं, जिथे शब्द गळण्याची शक्यता आहे तिथे. पण ताईंच्या बाबतीत ओसीआर जागा पक्की धरतं आणि फक्त एका शब्दाचे पर्याय देतं, असं त्यांनी लिहिलंय. तिथे दोन्ही पाठांत शब्दांची संख्या सारखीच, म्हणून जादा गुणांचा प्रश्न येत नाही. बेरीज पुरेल.

जुना_ट्रायग्राम
शाई फुटली की शब्दांमधली मोकळी जागाही भरते. "भाव आज" चं "भावआज" होतं. जागा पक्की आहे असं मी धरणार नाही.

महालची_स्नेहल
काका म्हणतात ते होतं आमच्याकडे, विशेषतः बोरूने लिहिलेल्या वह्यांत. छापील इतिवृत्तांत क्वचित. मी असं करते: छापील कागदांना नुसती बेरीज, हस्तलिखिताला ओसीआरचे गुण मिसळून. तपासलेल्या ५०० शब्दांतले ३०० वजन ठरवायला वापरते आणि २०० बाजूला ठेवते.

एक विचारायचं राहिलं. ओसीआर जे गुण देतं ते १ पर्यंतच्या दशांशात आहेत, पण बहुतेक वेळा ०.९८ च्या वरच असतात, चुकीच्या पाठालासुद्धा. "वाढत्ना" लाही ०.९८ दिलेत. अशा गुणांचा लॉग घेऊन काही उपयोग होईल का?

जुना_ट्रायग्राम
तसाच घेतलास तर नाही होणार. ०.९८ आणि ०.९९ यांच्या लॉगमध्ये फरक जेमतेम ०.०१, भाषेच्या २-३ च्या फरकापुढे तो दिसणारच नाही. भाषेचं वजन खूप खाली आणावं लागेल. आधी त्या ३०० शब्दांत बघ, ०.९८ गुण मिळालेले पाठ खरोखर किती वेळा बरोबर होते. शंभरात सत्तरच बरोबर निघाले, तर तिथे ०.७ धरून लॉग घे. कोष्टक करून इथे टाक, मग वजनाचं बोलू.